शुक्रवारी रात्रीपर्यंत सांगशील का?

एखादा मित्र ठरलेला बेत दरवेळी ऐनवेळी मोडत असेल, तर त्याला "तू नेहमीच ऐनवेळी टांग देतोस" असं म्हणू नकोस. "नेहमीच" ऐकलं की मित्र जुने हिशेब काढत बसतो. बेत मोडल्यावर लगेच, रागातही बोलू नकोस. पुढचा बेत ठरताना बोल. समज, रविवारी जालन्याहून वेरूळला जायचंय. म्हण, "गाडीवाल्याला शनिवारी सकाळी पक्कं सांगावं लागतं. शुक्रवारी रात्री ९ पर्यंत हो-नाही कळवशील का? नाही म्हणालास तरी चालेल, आम्ही छोटी गाडी करू." हे शेवटचं वाक्य गाळू नकोस. भिडेखातर दिलेला होकारच ऐनवेळी मोडतो, हे मी बऱ्याचदा पाहिलंय. ९ ला उत्तर आलं नाही तर एकदाच फोन कर, मग त्याला न धरता गाडी ठरव. त्याच्या घरी कुणी आजारी असेल, तर मात्र मुदत घालू नकोस.