दोन आठवडे परदेशात जायचंय: अकाउंट्सवाल्यानं रजेचा अर्ज कसा लिहावा, काम कसं सोपवावं

प्रश्न: "वाळूज एमआयडीसीत ऑटो पार्टच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत अकाउंट्स बघतो. बिलिंग, जीएसटी, पगार सगळं माझ्याकडेच. 21 नोव्हेंबर ते 4 डिसेंबर 2026 घरच्यांसोबत व्हिएतनामला जायचंय. साहेब म्हणतात, 'तू गेल्यावर बघणार कोण?' अर्ज कसा लिहू, काम कसं सोपवू?"

उत्तर: तारखा नकळत का होईना, चांगल्या निवडल्यात. अकाउंट्समध्ये महिन्याच्या 7 तारखेला टीडीएस, 11 ला जीएसटीआर-1, 15 ला पीएफ आणि ईएसआय, 20 ला जीएसटीआर-3बी. म्हणजे 20 तारीख संपली की पुढच्या 7 पर्यंत दरमहा भरण्याची मोठी तारीख नसते. तुमची रजा नेमकी या फटीत बसते. साहेबांना हेच आधी दाखवा, कारण त्यांच्या डोक्यात 'हा नसताना रिटर्न राहिलं तर?' एवढी एकच भीती असते.

महिनाअखेरीस व्यवसाय कर येतो, पण ऑक्टोबरचा पगार नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात झालेला असतो. त्यावरचा कर निघण्याआधीच भरून टाका, 30 तारखेची वाट बघू नका. 3बी 20 ला भरायची सवय असेल तर या महिन्यात मोडा. 14 ला जीएसटीआर-2बी येतो, 15 ते 17 मध्ये मिळवणी करा, 18 ला भरून मोकळे व्हा. शेवटच्या दिवशी पोर्टल रेंगाळलं आणि रात्री मुंबईची गाडी असली की धांदल उडते.

अर्ज साधा ठेवा. सहलीचं वर्णन नको, 'कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' वगैरे तर अजिबात नको. मी असा लिहिला असता:

> विषय: 21 नोव्हेंबर ते 4 डिसेंबर 2026 अर्जित रजेबाबत
>
> मा. साहेब,
>
> कुटुंबासह व्हिएतनामला जाण्यासाठी मला वरील काळात रजा हवी आहे. मधले दोन रविवार सोडून कामाचे 12 दिवस होतात. माझ्या खात्यावर ___ दिवस अर्जित रजा शिल्लक आहे. शनिवार, 5 डिसेंबरला सकाळी कामावर हजर होईन.
>
> ऑक्टोबरचा जीएसटीआर-3बी आणि व्यवसाय कर 18 नोव्हेंबरपर्यंत भरून होईल. नोव्हेंबरचा टीडीएस परत आल्यावर 7 डिसेंबरच्या आत भरेन. रजेच्या काळात बिलिंग आणि ई-वे बिल श्री. ______, तर पगाराची बँक फाइल श्रीमती ______ बघतील. दोघांशी बोलणं झालं आहे. तक्ता सोबत जोडला आहे.
>
> तिकिटं अजून काढलेली नाहीत. सप्टेंबरअखेर आपला निर्णय कळावा, ही विनंती.
>
> आपला विश्वासू,

'दोघांशी बोलणं झालं आहे' हे वाक्य खरं असल्याशिवाय लिहू नका. साहेब अर्ज हातात असतानाच त्या माणसाला हाक मारतात आणि तो 'मला काहीच माहीत नाही' म्हणाला की अर्ज तिथंच पडतो. मधले रविवार रजेत धरतात का, हेही एचआरला आधी विचारा. काही कंपन्या धरतात, मग 12 चे 14 दिवस होतात. मेलवर मंजुरी आल्याशिवाय तिकीट काढू नका, तोंडी 'बघू' म्हणजे मंजुरी नव्हे.

आता तक्ता. 'बिलिंग: अमुक बघेल' एवढ्यावर भागत नाही. काम कोण करणार, कोणत्या लॉगिननं करणार, अडलं तर कोणाला विचारणार आणि काय झालं तरी काय करायचं नाही, असे चार रकाने हवेत. चौथा रकाना बहुतेक लोक विसरतात.

घोळ जास्त करून लॉगिनवर होतो. आपला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देणं ही सगळीकडची रीत, पण ओटीपी तुमच्या मोबाइलवर येणार आणि तुम्ही हनोईत. ई-वे बिल पोर्टलवर मुख्य लॉगिनमधून बदलीच्या माणसाचा सब-यूजर काढता येतो, तो काढा. बँकेत पगाराची फाइल टाकणाऱ्याच्या नावानं वेगळा मेकर घ्या. मंजुरी देणारा चेकर संचालक किंवा साहेबच राहतील. मेकर जोडायला बँकेचा फॉर्म, अधिकृत सह्या आणि बऱ्याचदा बोर्डाचा ठराव लागतो, म्हणून ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच अर्ज टाका. संचालकांच्या डिजिटल सहीचा टोकन तुमच्या ड्रॉवरमध्ये असेल, तर तो जाताना त्यांच्याच हातात द्या. 

ई-वे बिलाचं नीट शिकवून जा, कारण ते रोज लागतं आणि चूक रस्त्यावर सापडते. समजा माल वाळूजहून पुण्याला निघाला. राज्यातल्या राज्यात 1 लाखाच्या वर माल असला की ई-वे बिल लागतं. अंतर दोनशे किलोमीटरच्या थोडं वर. साध्या मालाला दर 200 किमीला एक दिवस मिळतो आणि उरलेल्या तुकड्यालाही एक, म्हणजे मुदत दोन दिवस. गाडी नगरजवळ बंद पडली आणि मुदत संपत आली, तर ती संपण्याच्या 8 तास आधीपासून 8 तास नंतरपर्यंतच वाढवता येते. ती सहसा ट्रान्सपोर्टर वाढवतो, तेव्हा त्याचा नंबर तक्त्यात हवा. गाडी बदलली तर पार्ट-बीमध्ये नवा नंबर टाकायचा, नवं बिल काढायचं नाही.

बिलच चुकलं, म्हणजे दर किंवा जीएसटीआयएन चुकीचा पडला, तर ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइस दोन्ही 24 तासांतच रद्द होतात. म्हणून बदलीच्या माणसानं रोज संध्याकाळी पाचला दिवसभराची बिलं डिस्पॅच रजिस्टरशी ताडून घ्यायची. सकाळी दहाच्या बिलातली चूक दुसऱ्या दिवशी दुपारी कळली, की बहुतेक वेळा क्रेडिट किंवा डेबिट नोटच काढावी लागते. आणि चौथ्या रकान्यात ठळक लिहा: क्रेडिट किंवा डेबिट नोट मी येईपर्यंत काढू नये, ग्राहकाला मेल करून ठेवावा.

पगाराचं तुलनेनं सोपं. हजेरी 26 ते 25 असेल तर 27 पर्यंत ती टाइम ऑफिसकडून यायला हवी. गेल्या महिन्याची फाइल नमुना म्हणून ठेवा आणि नव्या-जुन्या एकूण रकमेत फरक दिसला तर नवीन भरती, सोडून गेलेले आणि ओव्हरटाइम या तीनच जागी बघायला सांगा. लहान पुरवठादारांची 45 दिवसांत द्यायची बिलं रजेच्या काळात कोणाची भरतात, ती यादी तारखेसकट साहेबांकडून मंजूर करून ठेवा, म्हणजे मेकरला फक्त टाकायची राहतील.

16 ते 19 नोव्हेंबर हे चार दिवस सोपवलेल्या कामांसाठी तुम्ही कीबोर्डला हात लावू नका. काम बदलीचा माणूस करेल, तुम्ही शेजारी बसायचं. जे तो तुम्हाला विचारेल ते तक्त्यात राहिलं होतं, तिथंच लिहून काढा.

संपर्काचंही ठरवून टाका. व्हिएतनाम आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. 'कधीही फोन करा' म्हणू नका, नाहीतर शाईच्या काडतुसासाठीही फोन येतो. रोज एकच वेळ द्या, इथले संध्याकाळचे साडेपाच, म्हणजे तिथले सात, तोवर पाचची ताडणी झालेली असते. त्याबाहेर फोन फक्त दोन कारणांनी: गाडी रस्त्यात तपासणीला अडवली किंवा पगाराची फाइल बँकेनं परत पाठवली.

4 तारखेला मुंबईत उतरून रात्रीच्या गाडीनं 5 ला हजर व्हायचा बेत असेल, तर विमान उशिरा आलं की गणित बिघडतं. जमलं तर 3 लाच उतरा. 6 ला रविवार आहे आणि 7 ला टीडीएसचा शेवटचा दिवस, तेव्हा त्याची आकडेमोड बदलीच्या माणसाकडून 4 पर्यंत तयार ठेवून घ्या. 5 ला आल्याबरोबर आधी ती तपासून चलन भरा, मग ई-वे बिलांची यादी विक्री रजिस्टरशी लावा. जे जुळत नाही ते 11 च्या जीएसटीआर-1 आधी सापडलं पाहिजे.