‘हॅड माय हेअर कट’ आणि ‘हॅड कट माय हेअर’

प्रश्न: ‘आय हॅड माय हेअर कट’ आणि ‘आय हॅड कट माय हेअर’ दोन्ही बरोबरच ना? आणि हॅव, गेट, मेक यांच्यापुढे कधी ‘टू’ येतो, कधी येत नाही, कधी क्रियापदाचं तिसरंच रूप येतं. स्पर्धा परीक्षेत इथे हमखास गुण जातो. पाठांतर न करता काही कळण्यासारखं आहे का?

व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही बरोबर, पण कात्री कोणाच्या हातात होती ते बदलतं. पहिल्या वाक्यात केस न्हाव्याने कापले. दुसऱ्यात तुम्ही स्वतःच कापले, आणि तेही भूतकाळातली दुसरी एखादी गोष्ट घडण्याआधी, कारण तो पूर्ण भूतकाळ आहे. ‘कट’ची तिन्ही रूपं सारखी असल्याने इथे गोंधळ जास्त होतो. त्याच्या जागी ‘पेंट’ घालून बघा. ‘आय हॅड माय हाउस पेंटेड’ म्हणजे रंगाऱ्याकडून घर रंगवून घेतलं. ‘आय हॅड पेंटेड माय हाउस’ म्हणजे ब्रश माझ्याच हातात होता. शब्द तेच आहेत, फक्त ‘माय हाउस’ची जागा हलली.

मराठी माणूस इथे अडखळतो त्याला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. ‘मी काल केस कापले’, ‘आम्ही गावाला घर बांधलं’ असं आपण सहज म्हणतो आणि ऐकणाऱ्याला न्हावी, गवंडी आपोआप दिसतात. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटलं, तर तुम्ही आरशासमोर कात्री घेऊन उभे होतात असाच अर्थ बहुधा घेतला जाईल. ‘करून घेणे’ आपल्याकडे आहे, पण ते ऐच्छिक आहे, आणि त्यातल्या ‘घेणे’वर डोळे मिटून विसंबताही येत नाही. ‘सदरा शिवून घेतला’मध्ये शिंपी आहे, ‘जेवून घेतलं’मध्ये दुसरं कोणीच नाही. ‘घेतलं’ दिसलं की ‘गॉट’ लावायचं, असा नियम करून ‘आय गॉट ईटन’ लिहिलंत, तर तुम्हाला वाघाने खाल्लं असं होईल!

आता मुख्य गोष्ट. हॅव किंवा गेटच्या लगेच पुढे जे नाम येतं, ते आणि त्याच्यानंतरचं क्रियापद मिळून वाक्याच्या पोटात एक छोटं वाक्य असतं. त्या नामाला एकच प्रश्न विचारायचा: तू हे काम करतोस, की तुझ्यावर ते काम होतं? घर रंगवत नाही, घर रंगवलं जातं. म्हणून तिथे कर्मणीची खूण असलेलं तिसरं रूप येतं, पेंटेड. रंगारी मात्र स्वतः रंगवतो. म्हणून त्याच्यापुढे मूळ रूप येतं: ‘आय हॅड द पेंटर पेंट माय हाउस’. इथे चुकून ‘पेंटेड’ लिहिलं, तर रंगाऱ्यालाच रंग फासला जातो.

‘टू’चा प्रश्न फक्त नाम काम करणारं असतानाच उद्भवतो. हॅव आणि मेक ‘टू’ घेत नाहीत, गेट घेतं: ‘आय गॉट द पेंटर टू पेंट माय हाउस’. गेटच्या मागे मनधरणीचा, खटपटीचा भाव असतो. रंगारी तयार नव्हता, त्याला कसाबसा राजी केला. म्हणून ते ‘आस्क’, ‘टेल’, ‘पर्सुएड’ यांच्या पंगतीत बसतं आणि त्यांच्यासारखाच ‘टू’ घेतं. हॅवमध्ये नुसतं काम सोपवणं आहे, मेकमध्ये बळजबरी आहे. आपलं ‘करायला लावणे’ हे मेकच्या सगळ्यात जवळचं. पण त्यातल्या ‘-आयला’चा कान इतका पक्का बसलेला असतो, की ‘त्याने मला थांबायला लावलं’चं आपण ‘ही मेड मी टू वेट’ करून टाकतो. बरोबर आहे ‘ही मेड मी वेट’. गंमत अशी, की त्याचा प्रयोग बदलला की हाकललेला ‘टू’ परत येतो: ‘आय वॉज मेड टू वेट’. परीक्षकांचा हा आवडता सापळा आहे.

चूक शोधण्याच्या धर्तीचं एक वाक्य सोडवून बघू: ‘द मॅनेजर हॅड ऑल द बिल्स / टू बी चेक्ड / बाय द अकाउंटंट / बिफोर फ्रायडे’. हॅडच्या पुढचं नाम आहे बिल्स. बिलं तपासत नाहीत, तपासली जातात. म्हणजे तिसरं रूप हवं, आणि ते एकटंच हवं. ‘टू बी’ फालतू आहे, चूक दुसऱ्या भागात. हेच वाक्य अकाउंटंटला पुढे आणून करा: ‘हॅड द अकाउंटंट चेक ऑल द बिल्स’. गेटने करा: ‘गॉट द अकाउंटंट टू चेक ऑल द बिल्स’, किंवा बिलं पुढे ठेवून ‘गॉट ऑल द बिल्स चेक्ड’. पाहा, तिसरं रूप आलं की हॅव आणि गेट यांच्यातला ‘टू’चा फरक उरतच नाही. पर्यायांत ‘हॅड चेक्ड ऑल द बिल्स’ हेही ठेवलेलं असू शकतं. सुटं वाचलं तर ते निर्दोष वाटतं, पण मग मॅनेजरनेच बिलं तपासली असा अर्थ होतो आणि शेवटचं ‘बाय द अकाउंटंट’ लोंबकळत राहतं. आपल्या ‘कडून’चा हा ‘बाय’ वाक्यात दिसला, की हॅव किंवा गेटच्या पुढचं नाम काम सोसणारं असणार हे जवळजवळ ठरलेलंच.

प्रश्नार्थक आणि नकारार्थी वाक्यांत हा हॅव साध्या क्रियापदासारखा वागतो, त्याला डू, डिड लागतं. ‘डिड यू हॅव युअर हाउस पेंटेड?’ बरोबर, ‘हॅड यू युअर हाउस पेंटेड?’ चूक.

या रचनेला प्रयोजक म्हणतात खरं, पण प्रत्येक वेळी कोणी काही करवून घेतलेलं असतंच असं नाही. ‘ही हॅड हिज फोन स्टोलन’ म्हणजे त्याने चोर बोलावून फोन चोरून घेतला नाही, त्याचा फोन चोरीला गेला. साचा तोच आहे, फोनवर चोरी झाली म्हणून तिसरं रूपही तेच, फक्त कर्ता इथे करवणारा नसून भोगणारा आहे. तसंच ‘आय मस्ट गेट धिस रिपोर्ट फिनिश्ड बाय मंडे’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा रात्र जागून तो अहवाल स्वतःच लिहिणार असतो. इथला ‘बाय’ही ‘कडून’ नव्हे, ‘सोमवारपर्यंत’. म्हणून ‘काम नेमकं कोणी केलं?’ असा अर्थाचा प्रश्न आला, तर नुसत्या साच्यावरून उत्तर देऊ नका. क्रियापदाचं रूप ठरवायला मात्र नामाला विचारलेला तो एक प्रश्न या दोन्ही वाक्यांतही पुरतो.