पिवळ्या उंदरांचं २:१ : चौथा हिस्सा जातो कुठे?

प्रश्न: उंदरांत पिवळा रंग प्रभावी आहे, मग पिवळा × पिवळा केल्यावर ३:१ ऐवजी २:१ का येतं? आणि जे ॲलील प्रभावी आहे त्यालाच "अप्रभावी प्राणघातक" कसं म्हणतात? सोबत दुसरं लक्षण दिलं की माझं गणित हमखास चुकतं.

उत्तर:

मधला प्रश्न आधी घेऊ, कारण तो सुटला की पहिला आपोआप सुटतो.

प्रभावी किंवा अप्रभावी हा ॲलीलचा जन्मजात गुण नाही. आपण कोणत्या लक्षणाबद्दल बोलतोय त्यावर ते ठरतं. पिवळ्या रंगाच्या ॲलीलला Aʸ म्हणू आणि बिनपिवळ्या रंगाच्या ॲलीलला a. अंग पिवळं व्हायला Aʸ ची एक प्रत पुरते, म्हणून रंगाच्या बाबतीत ते प्रभावी. मरायला मात्र दोन्ही प्रती लागतात. एका प्रतीचा उंदीर जगतो, वाढतो, त्याला पिल्लंही होतात. म्हणून मृत्यूच्या बाबतीत तेच ॲलील अप्रभावी. पुस्तकात "अप्रभावी प्राणघातक" लिहिलेलं असतं ते फक्त या दुसऱ्या परिणामाबद्दल.

एकाच ॲलीलचे असे दोन परिणाम का, हे १९९० च्या दशकात डीएनए तपासल्यावर कळलं, आणि मला हा या विषयातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. उंदराच्या दुसऱ्या गुणसूत्रावर अगूटी नावाचं जनुक असतं. साध्या रानउंदरात ते केसाच्या मुळाशी, केस वाढत असताना थोडे दिवसच चालू होतं. तेवढ्यापुरता पिवळा रंग तयार होतो आणि गडद केसावर एक पिवळा पट्टा उमटतो. Aʸ मध्ये या जनुकाच्या अलीकडचा सुमारे १,७०,००० बेसचा तुकडा गळून गेलेला आहे. त्यामुळे अगूटी जनुक शेजारच्या रॅली नावाच्या जनुकाच्या चालू-बंद करणाऱ्या भागाला जाऊन चिकटलं. रॅली जवळपास सगळ्या पेशींत चालू असतं, म्हणून आता अगूटीचं प्रथिनही सगळीकडे आणि सतत बनत राहतं. केस मुळापासून टोकापर्यंत पिवळा होतो. मेंदूत हेच प्रथिन भूक आवरणाऱ्या ग्राहींना अडवतं, म्हणून हे उंदीर लठ्ठही होतात. हे सगळं नको तिथे काहीतरी जास्त बनल्यामुळे होतं, आणि त्याला एक प्रत पुरेशी असते.

मृत्यूचं कारण वेगळं आहे. गळून गेलेल्या तुकड्यात खुद्द रॅली होतं, आणि पेशीत प्रथिनं बनायला सुरुवात होण्यासाठी लागणारा एक घटक बनवणारं जनुकही होतं. जोडीतल्या एका गुणसूत्रावर तरी धड प्रत असेल तर निभावतं. दोन्हीकडे तो तुकडा नसेल तर गर्भ गर्भाशयात रुजण्याच्या सुमारास, पहिल्या आठवड्यातच संपतो. जास्तीच्या कामामुळे येणारा परिणाम प्रभावी आणि तुटीमुळे येणारा अप्रभावी, असं या एकाच ॲलीलमध्ये घडलेलं आहे.

आता संकर पाहू. जिवंत पिवळा उंदीर नेहमी Aʸa च असतो. दोन पिवळ्यांच्या संकरात बीजं फळतात तेव्हा मेंडेलचं प्रमाण अगदी तंतोतंत असतं: १ AʸAʸ, २ Aʸa, १ aa. आपण पिल्लं मोजायला जाईपर्यंत पहिला गट उरलेलाच नसतो. उरतात २ पिवळे आणि १ बिनपिवळा. इथे बरेच विद्यार्थी पिवळे २/४ लिहितात. चौथं घर रिकामं झालं की छेदही ४ वरून ३ वर येतो, म्हणून पिवळे २/३ आणि बिनपिवळे १/३.

हे आज दोन ओळींत सांगता येतं, पण ते शोधताना एक खरी अडचण आली होती. फ्रान्समधल्या नान्सी इथे ल्युसियाँ केनो यांनी १९०५ मध्ये आकडे दिले: पिवळा × पिवळा संकरातून २६३ पिवळे आणि १०० इतर. त्यांना शुद्ध पिवळा उंदीर एकही मिळाला नाही. पिवळ्या शुक्राणूचं पिवळ्या बीजांडाशी फलन होतच नसावं, असा अंदाज त्यांनी मांडला. या अंदाजातून गुणोत्तर काय येतं ते काढून पाहा. अर्धी बीजांडं Aʸ ची, त्यांना फक्त a शुक्राणू चालतो. शुक्राणूंची वाण नसते, म्हणून ती सगळी Aʸa होतात. उरलेल्या अर्ध्यांपैकी निम्मी Aʸa आणि निम्मी aa. बेरीज केली तर ३ पिवळे आणि १ बिनपिवळा. म्हणजे शुद्ध पिवळा नसूनही ३:१ च! केनोंचे २६३:१०० हे आकडे ३:१ ला जवळही आहेत.

निकाल लागला तो १९१० मध्ये. अमेरिकेत कॅसल आणि लिटल यांनी बरीच जास्त पिल्लं मोजली: १२३५ पैकी ८०० पिवळी आणि ४३५ बिनपिवळी. काय-स्क्वेअर लावून बघू. ३:१ धरलं तर अपेक्षा ९२६.२५ आणि ३०८.७५, फरक १२६.२५. याचं मूल्य सुमारे ६८.८ येतं, आणि ५ टक्के पातळीची मर्यादा आहे ३.८४. ३:१ साफ बाद. २:१ धरलं तर अपेक्षा ८२३.३ आणि ४११.७, मूल्य सुमारे १.९८. हे बसतं. फलन होत नाही असं नाही, फलन होऊन गर्भ मरतो, या बाजूने हा मोठा पुरावा होता. पुढे पिवळ्या माद्यांच्या गर्भाशयात कुजत चाललेले गर्भ प्रत्यक्ष दिसले.

यातून प्रात्यक्षिक करणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. २/३ आणि ३/४ यांतला फरक फक्त १/१२ आहे. सहा पिल्लांच्या वेतात ४:२ आलं तर ते दोन्हींत खपतं. आकडे अगदी नेमके २:१ पडले तरी ३:१ नाकारायला निदान १०४ पिल्लं लागतात. नशिबाचा चढउतार धरून पाचातल्या चार वेळा तरी फरक पकडायचा असेल तर २२५ च्या आसपास. एकाच जोडीकडून इतकी पिल्लं मिळणं अवघड, म्हणून अनेक जोड्यांचे आकडे एकत्र करतात. मात्र सगळ्या जोड्या Aʸa × Aʸa च आहेत याची आधी खात्री करावी लागते.

नुसतं २:१ दिसलं म्हणून प्राणघातक ॲलील सिद्ध होत नाही, त्यासाठी आणखी तपासण्या करतात. पहिली, पिवळा × बिनपिवळा. इथे १:१ यायला हवं, नर पिवळा घेतला तरी आणि मादी पिवळी घेतली तरी. तसं आलं तर Aʸ वाहणारी बीजांडं आणि शुक्राणू दोन्ही ठीक आहेत, दोष पुढे कुठेतरी आहे. दुसरी, पिवळ्या पिल्लांची चाचणी. प्रत्येकाचा बिनपिवळ्याशी संकर करा. एक जरी बिनपिवळं पिल्लू झालं तरी तो Aʸa ठरला. शुद्ध पिवळे जगत असते तर पिवळ्यांतला दर तिसरा शुद्ध निघाला असता. दहा तपासले आणि दहाही Aʸa निघाले, तर निव्वळ योगायोगाने असं होण्याची शक्यता १.७ टक्के उरते.

तिसरी तपासणी गर्भाशयातली. गर्भार मादीच्या बीजकोशातले पीतपिंड मोजले की किती बीजांडं सुटली ते कळतं, कारण प्रत्येक बीजांडामागे एक पीतपिंड राहतो. मग जिवंत गर्भ आणि विरघळत चाललेल्या गर्भांच्या छोट्या गाठी मोजायच्या. पिवळा × पिवळा मध्ये पीतपिंड आणि जिवंत गर्भ यांतली तूट, पिवळा × बिनपिवळा पेक्षा स्पष्ट जास्त दिसते. नुसत्या वेताच्या आकारावर भिस्त ठेवू नका. गणिताने वेत चौथ्या हिश्शाने लहान व्हायला हवं, पण उंदरात एरवीही काही गर्भ वाया जातात. लवकर मेलेल्यांची जागा रिकामी झाली की त्यांतले काही वाचतात, आणि तूट कमी भासते.

मोजणी कधी करता यावरही बरंच अवलंबून आहे. जर्मनीत बाउर यांनी स्नॅपड्रॅगनच्या ऑरिया नावाच्या पिवळसर पानांच्या झाडांत हेच पाहिलं होतं. तिथे शुद्ध रोप उगवतं, पण त्यात हरितद्रव्य नसल्याने थोड्याच दिवसांत मरतं. उगवल्या उगवल्या मोजलं तर १:२:१ मिळतं, नंतर मोजलं तर २:१. उंदरात मृत्यू जन्माआधीच होतो, म्हणून पिल्लांत १:२:१ कधीच दिसत नाही. पण पिल्लं जन्मतः बिनकेसाची असतात. रंग दिसायच्या आत मेलेलं पिल्लू कुठल्याच खान्यात लिहिता येत नाही. ते वेगळं नोंदवा, अंदाजाने बिनपिवळ्यांत टाकू नका.

आता दोन लक्षणं. युक्ती एवढीच: प्राणघातक जनुकाचं गुणोत्तर आधी जगलेल्यांपुरतं काढा, मग दुसऱ्याशी गुणा. समजा Aʸa Cc × Aʸa Cc, इथे cc म्हणजे पांढरा, लाल डोळ्यांचा अल्बिनो. हे जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे, म्हणून दोन्ही स्वतंत्रपणे वाटले जातात. रंगाचं २/३ आणि १/३, अल्बिनोचं ३/४ आणि १/४. पिवळे २/३ × ३/४ = ६/१२, बिनपिवळे रंगीत १/३ × ३/४ = ३/१२. अल्बिनो ३/१२, कारण अल्बिनोच्या अंगावर रंगच नसल्याने Aʸ असलं काय नि नसलं काय, दिसतं पांढरंच. गुणोत्तर २:१:१. दुसरं लक्षण रंग न झाकणारं असतं, तर चारही गट वेगळे दिसून ६:२:३:१ आलं असतं. ९:३:३:१ पाठ असल्याने १६ छेद धरून बसणं, हीच नेहमीची चूक. इथे छेद १२ असतो.

याच अल्बिनोंत आणखी एक मेख आहे. त्यांच्यातले २/३ लपून Aʸ वाहत असतात. असा अल्बिनो बिनपिवळ्या, शुद्ध रंगीत CC उंदराला दिला तर निम्मी पिल्लं पिवळी निघतात. पांढऱ्याच्या पोटी पिवळं कुठून आलं, असा प्रश्न परीक्षेत आला तर उत्तर हेच.

दुसरं जनुक त्याच गुणसूत्रावर Aʸ च्या अगदी जवळ असेल तर मात्र वरचा गुणाकार लागू होत नाही. Aʸ सोबत M आणि a सोबत m असं जोडलेलं असेल, तर AʸAʸ गर्भांबरोबर शुद्ध MM ही जातात. मग जिवाला काहीच अपाय न करणारं ते लक्षणही ३:१ ऐवजी २:१ दाखवतं. जनुक जितकं लांब, तितका हा परिणाम कमी होत ३:१ कडे सरकतो. म्हणून एखाद्या लक्षणात २:१ दिसलं, की दोष त्याच जनुकाचा आहे की शेजाऱ्याचा, हे त्या दोन जनुकांची अदलाबदल झालेली पिल्लं शोधूनच ठरवावं लागतं.