गुणांचं पत्र फाड, दुसरं लिही

"ताई, मी बेळगावचा, वय २८. आवडलेल्या मुलीशी लग्न करायचंय पण ३६ पैकी १५च गुण जमले, वर एकनाड आणि षडाष्टक. माझं रोहिणी नक्षत्र, वृषभ रास, तिचं स्वाती, तूळ. आईबाबा नकोच म्हणतात. तरी करणारच असं सांगायला चार पानी पत्र लिहिलंय, ज्योतिष कसं खोटं ते सगळं पुराव्यासकट. तिचे वडील धारवाडहून घरी येऊन गेले, ते कन्नडच बोलतात, तोवर पत्रिकेचा विषयच नव्हता. पत्र सोबत पाठवलंय, देऊ का?"

नको देऊस. चार पानं खगोलशास्त्र आणि मुद्द्याची गोष्ट मला सांगताना एका ओळीत, तीही जाता जाता. धारवाडचा पाहुणा चहा पिऊन गेला आणि मग पत्रिका निघाली, हे तुला दिसलं नाही होय रे?

गुणांचं बघूच एकदा. तुझे २१ गेले त्यातले १५ दोनच खात्यांत, नाडीचे ८ आणि राशीकूटाचे ७. पण वृषभ आणि तूळ दोन्हींचा स्वामी शुक्र, त्यामुळं ग्रहमैत्रीचे ५ पैकी ५ मिळालेत आणि याच कारणानं बरेच जोशी हे प्रीतिषडाष्टक म्हणून सोडून देतात. राहिली नाडी. २७ नक्षत्रांचे नऊ-नऊचे तीन गट, म्हणजे कुठलीही दोन माणसं धर, साधारण तीनात एक जोडी एकनाडच निघते.

आता हे सांग, एकनाड ऐकल्यावर बाबा दुसऱ्या जोशीबुवांकडे गेले? आईनं शांती विचारली? ज्यांना खरंच नाडीची भीती असते ती माणसं त्याच संध्याकाळी दुसरं पंचांग उघडायला लावतात, परिहार शोधतात, जन्मवेळ परत विचारतात. तुझ्या पत्रात यातलं काहीच नाही. त्यांना नकार हवा होता, तो आयता छापील मिळाला.

आणि ते तोंडानं म्हणणार नाहीत, कारण आई भाजीवालीशी रोज कन्नडच बोलते. पण बाजारातलं कन्नड वेगळं आणि देवघरापर्यंत आलेलं वेगळं. १९५६ पासून आपल्या घरांत हे दुखणं आहे, १ नोव्हेंबरला एका गल्लीत काळा दिन आणि पलीकडे राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे, त्यात बाबांना व्याही मिळणार पलीकडचा. याचा मला राग येत नाही, पण ते नाडीच्या पदराआड लपवलेलं चालत नाही.

तेव्हा नवीन पत्र लिही, एक पान. गुणांवर दोन ओळी, शुक्राचं सांग, शांती करायची तर करू म्हण. बाकी सगळं कन्नडबद्दल. नातवंडं आज्जीशी कुठल्या भाषेत बोलणार, शाळा कुठली, १ नोव्हेंबरला तू कुठं असशील, तिला मराठी किती येतं, नसेल तर कधी शिकतेय. उत्तरं आधी तिच्याशी बसून ठरव, मनानं लिहू नकोस. आणि "लग्न तिच्याशीच करणार" हे वाक्य पहिलं टाक, शेवटी नको, नाहीतर बाबा शेवटपर्यंत वाचायचेच नाहीत.