नायट्रोजन-ऑक्सिजनचा अपवाद पाठ करू नकोस

"पीयूसी फर्स्ट इयर, खानापूर. पुढच्या आठवड्यात केमिस्ट्रीची युनिट टेस्ट आहे. पिरिऑडिक टेबलचे ट्रेंड आणि अपवाद लवकर पाठ कसे करायचे? 'कारण द्या'ला दोन मार्क असतात."

ट्रेंड तुला येत असणार. मार्क जातात ते अपवादांत, म्हणून एकाच अपवादाबद्दल सांगतो.

मी मराठी माध्यमातून दहावी करून बेळगावच्या कॉलेजात गेलो. पहिल्याच टेस्टला प्रश्न होता: ऑक्सिजनची पहिली आयनायझेशन एनर्जी नायट्रोजनपेक्षा कमी का? मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं की नायट्रोजनच्या 2p मध्ये तीन इलेक्ट्रॉन तीन ऑर्बिटलमध्ये एकेकटे असतात. ऑक्सिजनच्या चौथ्याला जोडीनं राहावं लागतं, जोडीतले दोघं एकमेकांना ढकलतात, म्हणून एक लवकर सुटतो. सरांनी लाल रेघ मारली. 'हाफ फिल्ड, म्हणून स्टेबल' हे शब्द नव्हते ना! स्टाफरूममध्ये गेलो तर म्हणाले, "गाइडमधलं लिही, कथा नको." शेजारच्या पोराला त्या एका ओळीवर दोन्ही मार्क.

तो राग अजून आहे, कारण 'स्टेबल' हे कारणच नाही. स्टेबल का, हाच तर प्रश्न आहे. नायट्रोजनला 1402 किलोज्यूल प्रति मोल लागतात, ऑक्सिजनला 1314. केंद्रकात एक प्रोटॉन वाढला, म्हणजे आकडा चढायला हवा होता. जोडीतल्या ढकलाढकलीनं ती वाढ खाऊन वर थोडं कमी केलं. मग फ्लोरिनमध्येही जोड्या असताना 1681 कसे? घसरण होते ती पहिली जोडी जमते तिथंच; पुढं प्रोटॉन वाढतच जातात आणि चढ परत सुरू होतो.

समजलं का ते असं तपास: नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन यांत दुसरी आयनायझेशन एनर्जी सर्वांत जास्त कुणाची? पाठ करणारा फ्लोरिन म्हणेल. पण एक इलेक्ट्रॉन गेल्यावर ऑक्सिजनकडे 2p मध्ये तीनच उरतात, सगळे एकेकटे, आणि फ्लोरिनकडे चार, म्हणजे एक जोडी. ऑक्सिजन 3388, फ्लोरिन 3374. फरक थोडा आहे, पण ऑक्सिजनच वर. नायट्रोजन पार खाली, 2856.

बेरिलियम-बोरॉनला मात्र हे कारण चिकटवू नकोस. तिथं बोरॉनचा इलेक्ट्रॉन 2s ऐवजी 2p मधून निघतो. 2p ची ऊर्जा जास्त आणि आतल्या इलेक्ट्रॉनांचा आडोसाही जास्त, म्हणून 899 वरून 801.

तपासणारे 'हाफ फिल्ड' शोधतात हे खरं आहे, आणि ते चूक नाही, अर्धवट आहे. म्हणून पहिल्या ओळीत ते लिही, दुसऱ्या ओळीत जोडीचं कारण, इलेक्ट्रॉन मांडणीसकट. तरीही मार्क कापले तर पेपर घेऊन स्टाफरूममध्ये जा आणि ऑक्सिजन-फ्लोरिनचा हा प्रश्न सरांनाच विचार.