आजारपणाच्या रजेसाठी आजाराचे नाव सांगावे लागते का?

प्रश्न : मी पुण्यातील सुमारे साठ कर्मचारी असलेल्या एका खासगी कंपनीत काम करते. पगार दरमहा 38,000 रुपये आहे. नुकतीच सूचना लागली की, एका दिवसाच्या आजारपणालाही आजाराचे नाव असलेले प्रमाणपत्र आणि औषधांची चिठ्ठी विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावी, अन्यथा रजा बिनपगारी होईल. मी मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार घेते आणि गेल्या आठवड्यात दोन दिवस रजेवर होते. मी काय करावे?

उत्तर : चिठ्ठी ग्रुपवर टाकू नका. प्रमाणपत्र मागणे आणि ते सर्वांसमोर मागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला कायद्यात आधार मिळू शकतो, दुसरीला मिळणे कठीण आहे.

आपल्या कंपनीला लागू असणाऱ्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, 2017 मध्ये आजारपणाची स्वतंत्र रजा सांगितलेली नाही. त्यामुळे प्रमाणपत्र किती दिवसांनंतर लागेल, हे आपले नेमणूकपत्र आणि कंपनीचे सेवानियम ठरवतात. ते आधी वाचा. तेथे ‘तीन दिवसांपेक्षा अधिक’ अशी मर्यादा असेल, तर नुसत्या सूचनेने ती एका दिवसावर आणण्यास आपण लेखी हरकत घेऊ शकता. मात्र याच अधिनियमाच्या कलम 18 नुसार कर्मचाऱ्याला वर्षाला 8 दिवस पगारी किरकोळ रजा मिळते, ती तिमाहीनुसार खात्यात जमा होते आणि ती घेण्यासाठी आजारपण सिद्ध करण्याची अट त्या कलमात नाही. आपले पद व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षी नसेल आणि खात्यात रजा शिल्लक असेल, तर ते दोन दिवस किरकोळ रजेत धरावेत, असा अर्ज आजच द्या. प्रमाणपत्राचा वादच त्यामुळे बहुधा मिटेल.

आता प्रमाणपत्राच्या मजकुराविषयी. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या व्यावसायिक आचारविषयक विनियमांत रजेच्या प्रमाणपत्राचा जो नमुना आहे, त्यात आजाराच्या नावासाठी जागा आहे, म्हणून बहुतेक डॉक्टर ते सवयीने लिहितात. आपण डॉक्टरांना अशी विनंती करू शकता की, ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत माझ्या उपचाराखाली असून विश्रांतीची आवश्यकता होती’ एवढेच लिहावे. मात्र लाजेपोटी ‘व्हायरल ताप’ असे खोटे निदान लिहून घेऊ नका. हा मोह अनेकांना होतो, पण खोटे प्रमाणपत्र देणारा डॉक्टर शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो, आणि ते सादर करणाऱ्यावर गैरवर्तनाचा ठपका येऊ शकतो. त्यापेक्षा निदान न लिहिलेले खरे प्रमाणपत्र कितीतरी सुरक्षित. डॉक्टर स्वतः न पाहिलेल्या दिवसांविषयी खात्रीने लिहू शकत नाहीत, हेही ध्यानात ठेवा आणि पुढच्या वेळी शक्यतो पहिल्याच दिवशी दाखवा.

गोपनीयतेबाबत माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील 2011 चे नियम आपल्या उपयोगी पडतात. शारीरिक व मानसिक आरोग्याची स्थिती आणि वैद्यकीय नोंदी यांना त्यांत ‘संवेदनशील वैयक्तिक माहिती’ म्हटले आहे. कंपनीने ती लेखी संमतीने, वैध हेतूसाठी आणि त्या हेतूला आवश्यक तेवढीच घ्यायची असते. रजा मंजूर करणे हा हेतू मान्य केला, तरी आपण कोणती गोळी घेता हे विभागातील सहकाऱ्यांना कळणे त्यासाठी कसे आवश्यक ठरते, याचे उत्तर कंपनीकडे नसेल. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, 2023 नोकरीच्या कारणासाठी संमतीविनाही माहिती वापरण्याची मुभा देतो हे खरे, पण ती मुभा त्या कारणापुरतीच आहे. तिच्या आधारे ग्रुपवरील जाहीर प्रदर्शनाचे समर्थन करता येईल, असे मला वाटत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. कर्मचारी वारंवार सोमवारीच आजारी पडत असेल किंवा रजा लांबत असेल, तर कंपनीला पडताळणी करावीशी वाटणे रास्त आहे. पण अशा वेळी कंपनीने नेमलेल्या डॉक्टरांकडे पाठवावे आणि त्यांनी कंपनीला ‘कामास योग्य’ किंवा ‘अयोग्य’ एवढेच कळवावे.

मनुष्यबळ विभागाला ई-मेल करताना नुसती तक्रार करू नका, पर्यायी मजकूरही द्या : ‘सलग तीन दिवसांपेक्षा अधिक आजारपणाच्या रजेसाठी नोंदणीकृत डॉक्टरांचे प्रमाणपत्र आवश्यक राहील. त्यात उपचाराचा व विश्रांतीचा कालावधी असावा, निदान अनिवार्य नाही. प्रमाणपत्र केवळ मनुष्यबळ विभागाच्या ठरावीक अधिकाऱ्याकडे द्यावे. वरिष्ठांना फक्त रजेच्या तारखा कळवल्या जातील.’ आपल्या आजाराचा उल्लेख त्या ई-मेलमध्येही करू नका. दाद न मिळाल्यास कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या. 2011 च्या नियमांनुसार असा अधिकारी नेमून त्याचे नाव संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे आणि त्याने एका महिन्यात तक्रारीचे निवारण करायचे असते. दरम्यान पगार कापला गेलाच, तर वेतनचिठ्ठी, ती सूचना आणि किरकोळ रजेच्या अर्जाची पोच जपून ठेवा. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाण्याची वेळ आली, तर हेच तीन कागद आधी मागितले जातील.