घरच्या ब्रॉडबँडवर एकच साइट उघडत नाही, मोबाइल डेटावर उघडते : दोष शोधायचा कसा?

प्रश्न : एक साइट घरच्या वायफायवर नुसती फिरत राहते आणि शेवटी टाइमआउट होते. मोबाइल डेटावर लगेच उघडते. बाकी सगळं नीट चालतं. राउटर बंद-चालू करून झाला. कस्टमर केअर म्हणतं, 'आमच्याकडून सगळं ओके आहे.' आता काय तपासू?

उत्तर : आधी तोच लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा आणि साइट उघडते का बघा. उघडली तर लॅपटॉप आणि ब्राउझर निर्दोष सुटले. उरल्या दोन मुख्य शक्यता. एक म्हणजे आयएसपीचा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर, त्या नावाचा चुकीचा आयपी देतोय. दुसरी म्हणजे पत्ता बरोबर आहे, पण तिथपर्यंतची वाट बंद आहे. ब्राउझरमध्ये दोन्ही सारखेच दिसू शकतात, म्हणून टाइमआउटवरून काहीच ठरवू नका.

हॉटस्पॉटवर असतानाच विंडोजच्या cmd मध्ये नाव विचारा आणि मिळालेला आयपी लिहून ठेवा. मग घरच्या वायफायवर येऊन तेच दोनदा विचारा, एकदा आयएसपीच्या डीएनएसला आणि एकदा बाहेरच्याला :

```
nslookup www.example.com
nslookup www.example.com 1.1.1.1
```

उत्तरं वेगळी आली म्हणून लगेच आयएसपीला दोषी धरू नका. मोठ्या साइट सीडीएनवर, म्हणजे ठिकठिकाणी पसरलेल्या सर्व्हरच्या जाळ्यावर, असतात आणि प्रत्येक नेटवर्कला मुद्दाम जवळचा, म्हणजे वेगळा, आयपी देतात. शिवाय काही आयएसपी डीएनएसची वाहतूक मधेच अडवून स्वतःच उत्तर देतात, त्यामुळे दोन्ही उत्तरं सारखी आली तरी ती खरीच असतील असं नाही. म्हणून निकाल लावणारी चाचणी पुढची आहे. घरच्याच लाइनवरून, पण हॉटस्पॉटवर मिळालेला आयपी बळजबरीने वापरायचा :

```
curl -v --resolve www.example.com:443:203.0.113.45 https://www.example.com/
```

(नाव आणि आयपी तुमचे घाला.) यात डीएनएसला कोणी विचारतच नाही. पान आलं, तर त्या आयपीपर्यंतची वाट मोकळी आहे आणि दोष बहुधा नाव सोडवण्यात आहे. `Trying` वरच अडकलं, तर वाटेत किंवा पलीकडच्या टोकाला अडथळा आहे. `Connected` येऊन त्यानंतर अडकलं तर गोष्ट तिसरी, तिच्याकडे शेवटी येतो.

मावशीकडे असंच झालं होतं. स्थानिक केबलवाल्याचं ब्रॉडबँड, आणि पेन्शनची साइट उघडेना. साधी, म्हणजे `--resolve` नसलेली, `curl -v` आयपी छापून तिथेच थांबायची, त्यामुळे पाहताक्षणी कुणीही राउटिंगवर ठपका ठेवला असता. पण हॉटस्पॉटवर आयपी निराळा होता, आणि तो घालून वरची कमांड दिली तर त्याच लाइनवर पान क्षणात आलं. साइट नव्या सर्व्हरवर हलली होती आणि त्या केबलवाल्याचा डीएनएस जुनाच पत्ता धरून बसला होता. राउटरमध्ये डीएनएस 1.1.1.1 आणि 8.8.8.8 केला, काम झालं. तुमच्या बाबतीत हा बदल करूनही nslookup जुनंच उत्तर देत असेल, तर वर म्हटलेली अडवणूक होत असेल. तेव्हा ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'सिक्युअर डीएनएस' सुरू करून बघा, तो नेहमीच्या डीएनएस पोर्टवरून जात नाही.

आता `Trying` वर अडकणारी बाब. वाटेतले राउटर ओळीने दाखवणारी `tracert -d` त्याच आयपीला घरून द्या. मधल्या एखाद्या ओळीत चांदण्या दिसल्या की लोक ओरडतात, 'इथे तुटलंय!' तसं नसतं. कित्येक राउटर अशा पॅकेटना उत्तरच देत नाहीत. शेवटपर्यंत काहीच परतत नसेल तरच संशय घ्या, आणि तेव्हाही लक्षात ठेवा की परतीची वाट tracert ला दिसत नाही. शिवाय साइटच्या फायरवॉलने तुमचा आयपी अडवला असेल तरी चित्र असंच दिसतं. हे दोन वेगळे करायला सार्वजनिक आयपी बदलून बघा : राउटर काही वेळ बंद ठेवून चालू केल्यावर तो बदलला आणि साइट उघडली, तर राउटिंगपेक्षा त्या जुन्या आयपीवरच्या बंदीचा संशय धरा. राउटरच्या वॅन पानावर 100.64 ते 100.127 मधला पत्ता दिसत असेल, तर तुम्ही अनेक ग्राहकांबरोबर एकच सार्वजनिक आयपी वापरताय, आणि दुसऱ्याच्या उद्योगांची शिक्षा तुम्हाला होऊ शकते.

nslookup मध्ये कोलनवाला लांबलचक पत्ताही आला असेल, तर साध्या `curl -v` ला `-4` लावून बघा. `-4` लावून चालतं आणि `-6` लावून लटकतं, तर बहुधा आयपीव्ही6 ची वाट खराब आहे. ती दुरुस्त होईपर्यंत राउटरमध्ये आयपीव्ही6 बंद ठेवा.

`Connected` नंतर, `Client hello` च्या आसपास अडकत असेल तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, तपासा. लॉगिन करून जोडणाऱ्या ब्रॉडबँडमधलं पीपीपीओई स्वतःसाठी 8 बाइट घेतं, म्हणून 1500 च्या जागी 1492 उरतात. राउटरमध्ये 1492, नाही जमलं तर 1400 करून बघा. 1400 वर साइट उघडली तर मोठी पॅकेट वाटेत गळतायत.

तक्रार करताना 'साइट उघडत नाही' एवढंच लिहू नका. तुमचा सार्वजनिक आयपी, साइटचा आयपी, वेळ, `curl -v` आणि tracert घरचं नि हॉटस्पॉटचं असं शेजारी-शेजारी द्या, आणि तिकीट नेटवर्क टीमकडे पाठवायला सांगा. आयपीवरच बंदी दिसत असेल, तर हीच माहिती साइट चालवणाऱ्यांनाही पाठवा, कारण ती उठवणं त्यांच्याच हातात आहे.